बिल्डरने प्रकल्प अर्धवट सोडला: व्याजासह पैसे परत मागताना काय करायचं

ठाण्यातल्या एका ओळखीच्या जोडप्याने बिल्डरला पाठवलेलं पत्र माझ्याकडे आलं तेव्हा ते पाठवून आठवडा झाला होता. पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. ‘काम बंद असल्यामुळे आम्हाला आमचं बुकिंग रद्द करायचं आहे. कृपया भरलेली रक्कम परत करावी.’ बिल्डरने दोन दिवसांत उत्तर दिलं, कारण असंच पत्र त्याला हवं होतं. करारनाम्यातल्या रद्द करण्याच्या कलमावर बोट ठेवून त्याने लिहिलं की फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्के रक्कम कापली जाईल, उरलेली ‘फ्लॅट पुन्हा विकला गेल्यावर’ मिळेल आणि व्याज मिळणार नाही. ज्या जागेवर जोत्यापलीकडे बांधकाम गेलंच नव्हतं, तिथला फ्लॅट पुन्हा विकला जाण्याची ही अट होती.

सगळा घोटाळा ‘रद्द’ या एका शब्दाने केला. ग्राहकाने स्वतःच्या इच्छेने बुकिंग रद्द करणं आणि बिल्डर चुकला म्हणून ग्राहकाने प्रकल्पातून बाहेर पडणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कपात होते. दुसरीत पूर्ण रक्कम आणि त्यावर व्याज मिळतं. हा लेख दुसऱ्या वाटेचा आहे, आणि महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाची, पद्धत धरून लिहिला आहे.

हक्क नेमका कुठे लिहिला आहे

रेरा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे, करारनाम्यात लिहिलेल्या तारखेला बिल्डर ताबा देऊ शकला नाही, किंवा नोंदणी रद्द झाल्यामुळे अथवा अन्य कोणत्याही कारणाने त्याने धंदाच थांबवला, तर ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडता येतं. ग्राहकाने मागणी करताच बिल्डरला घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते. नुकसानभरपाई त्याहून वेगळी. प्रकल्पात राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. या दोनपैकी एकच वाट निवडायची असते. एकाच तक्रारीत दोन्ही मागितल्या तर पहिल्याच सुनावणीत ‘तुम्हाला नेमकं काय हवंय’ असा प्रश्न येतो आणि एक तारीख वाया जाते.

११ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्सच्या प्रकरणात हा हक्क विनाशर्त असल्याचं स्पष्ट केलं. परवानगी अडकली, कोर्टाची स्थगिती होती, अशी बिल्डरची कारणं परताव्याच्या आड येत नाहीत. उशिरात ग्राहकाचा दोष नसला की झालं. बिल्डरचा वकील पहिल्याच दिवशी ‘फोर्स मेजर’, म्हणजे हाताबाहेरची अडचण, असं म्हणतो, त्या वेळी हाच निकाल पुढे ठेवायचा.

आधी पुरावा, मग पत्र

बिल्डरला चाहूल लागण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावरून, म्हणजे maharera.maharashtra.gov.in वरून, प्रकल्पाची सगळी माहिती उतरवून घ्या. नोंदणी क्रमांक P या अक्षराने सुरू होतो आणि करारनाम्यावर छापलेला असतो. त्या पानावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख, मुदतवाढी, नोंदणीची सद्यस्थिती, न विकलेल्या फ्लॅटची यादी आणि प्रवर्तकांची नावं मिळतात. सगळ्यात मोलाची असतात ती प्रमाणपत्रं: फॉर्म १ आर्किटेक्टचा, फॉर्म २ इंजिनिअरचा, फॉर्म ३ चार्टर्ड अकाउंटंटचा. फॉर्म १ मध्ये कोणत्या टप्प्याचं किती टक्के काम झालं ते असतं. सलग तीन-चार तिमाह्यांत तोच आकडा दिसला किंवा अहवाल भरणंच थांबलं असलं, तर काम बंद पडल्याचा पुरावा बिल्डरने स्वतःच लिहून दिलेला असतो. जागेचे फोटो काढा, पण खरी भिस्त या कागदांवर ठेवा.

प्रवर्तकांची नावं नीट पाहून ठेवा. पुष्कळ प्रकल्पांत जमीनमालक वेगळा असतो आणि विक्रीच्या पैशात किंवा फ्लॅटमध्ये त्याचा वाटा असतो. बांधणारा आणि विकणारा वेगवेगळे असले तरी कायदा दोघांनाही प्रवर्तक मानतो आणि दोघांवर एकत्रित जबाबदारी टाकतो. बिल्डरची कंपनी रिकामी खोकी असली तरी जमीन मालकाच्या नावावर असू शकते. म्हणून तक्रारीत त्यालाही सामनेवाला करायचं. ही गोष्ट निकालानंतर आठवून उपयोग नसतो.

करारातली ताब्याची तारीख अजून आलेली नसेल तर? जागेवर फक्त खड्डा असेल आणि तारीख चार महिन्यांवर असेल, तर ‘ताबा देऊ शकत नाही’ असं म्हणायला आधार आहे. तरीही तारीख उलटल्यानंतरची तक्रार जास्त भक्कम असते. थोडेच दिवस उरले असतील तर ते थांबावं, असं माझं मत आहे. करारनाम्यात तारखेची जागा कोरी सोडलेली असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात, फॉर्च्युन इन्फ्रास्ट्रक्चरच्या निकालात, अशा वेळी तीन वर्षं हा वाजवी काळ धरला आहे.

प्रकल्प सुरूच झाला नाही तर

‘प्री-लॉन्च’च्या नावाखाली पैसे घेतले, साधी पावती किंवा ‘ईओआय’चा, म्हणजे घर घेण्यात रस असल्याचा, कागद दिला आणि महारेराची नोंदणीच केली नाही, अशी प्रकरणं मी बरीच पाहिली आहेत. लोकांना वाटतं, करार नाही म्हणजे हक्क नाही. खरं तर अशा वेळी बिल्डरची बाजू जास्त कच्ची असते. नोंदणीपूर्वी जाहिरात किंवा विक्री करायला कलम ३ मनाई करतं. नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असं कलम १३ सांगतं. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले असतील तर कलम १२ त्यांचा व्याजासह परतावा देतं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. फक्त त्या वेळी तुमच्या हातात पावती, बँकेचं स्टेटमेंट, माहितीपत्रक, दलालाचे व्हॉट्सॲप संदेश आणि किंमत लिहिलेला कागद असायला हवा. रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा उभा करणं जवळजवळ अशक्य असतं, हे कटू आहे पण खरं आहे.

आणखी एक गोष्ट. काही बिल्डर नोंदणी करून घेतात आणि नंतर प्रकल्प गुंडाळताना नोंदणी काढून टाकण्याचा अर्ज करतात, ‘एकही बुकिंग नाही’ असं सांगून. महारेरा अशा प्रकल्पांची यादी जाहीर करून हरकती मागवतं. यादीत तुमचा प्रकल्प दिसला तर मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पावती जोडा.

व्याजाचा हिशेब

महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे दर ठरतो तो असा: स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेला पायाभूत दर, आणि वर दोन टक्के. एमसीएलआर बदलत राहतो, त्यामुळे पत्र लिहिण्याच्या दिवशीचा दर बँकेच्या संकेतस्थळावरून छापून जोडायचा.

व्याज कधीपासून, यावर बिल्डर हमखास वाद घालतो. ‘ताब्याची तारीख उलटली तेव्हापासून’ असं तो म्हणेल. पण कायद्याच्या व्याख्येतच, कलम २ च्या ‘व्याज’ या पोटकलमाच्या स्पष्टीकरणात, लिहिलंय की प्रवर्तकाला रक्कम मिळाल्या दिवसापासून ती परत होईपर्यंत व्याज द्यायचं. म्हणजे प्रत्येक हप्त्याचं व्याज त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून सुरू होतं.

त्या ठाण्याच्या जोडप्याचा हिशेब घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून आकडे आणि तारखा गोल केल्या आहेत. वन बीएचके, किंमत ४८ लाख. बुकिंगला ४ लाख भरले, १ एप्रिल २०२२ ला. सप्टेंबर २०२२ मध्ये करारनामा नोंदवला. १ ऑक्टोबर २०२२ ला आणखी ६ लाख दिले आणि १ एप्रिल २०२३ ला बँकेने कर्जातून १० लाख सोडले. ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. सगळ्यात वरचा एमसीएलआर ९ टक्के धरला तर व्याजाचा दर ११ टक्के होतो. १ एप्रिल २०२५ पर्यंत सरळव्याजाने पहिल्या हप्त्याचं तीन वर्षांचं व्याज १ लाख ३२ हजार, दुसऱ्याचं अडीच वर्षांचं १ लाख ६५ हजार आणि तिसऱ्याचं दोन वर्षांचं २ लाख २० हजार. एकूण व्याज ५ लाख १७ हजार, मुद्दल २० लाख, म्हणजे मागणी २५ लाख १७ हजारांची. त्यानंतर रोज सुमारे ६०३ रुपये वाढत जातात. हा रोजचा आकडा पत्रात जरूर लिहा, कारण तडजोडीच्या टेबलावर त्याचा मोठा उपयोग होतो.

बँकेने थेट बिल्डरला दिलेले १० लाखही ‘घेतलेली रक्कम’ आहेत, ते यादीत धरायलाच हवेत. मात्र पैसे परत येतील तेव्हा त्यावर पहिला हक्क बँकेचा असेल. दरम्यान हप्ते थांबवू नका. बिल्डरवरचा राग बँकेवर काढला तर सिबिल तुमचं खराब होतं आणि बिल्डरचं काहीच बिघडत नाही. जीएसटी आणि मुद्रांक शुल्क वेगळ्या रकान्यात लिहा. ते बिल्डरने खिशात घातलेले नसतात, म्हणून ते परत मिळवायच्या वाटाही वेगळ्या आहेत.

मागणीपत्र

पत्र वकिलाकडून गेलं पाहिजे असं नाही. पण त्यात चार गोष्टी हव्यात: करारातली ताब्याची तारीख, ती चुकल्याचं विधान, प्रकल्पातून बाहेर पडत असल्याचं विधान आणि तारीखवार हिशेब. त्या जोडप्याचं दुसरं पत्र आम्ही असं लिहिलं:

‘दि. … रोजी नोंदवलेल्या करारनाम्यानुसार आपण आम्हाला दि. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत फ्लॅटचा ताबा देणे बंधनकारक होते. आपण तो दिलेला नाही. प्रकल्पाचे काम बंद असल्याचे आपण महारेराकडे भरलेल्या अहवालांवरूनच दिसते. आपल्या या कसुरीमुळे आम्ही रेरा कायद्याच्या कलम १८(१) नुसार प्रकल्पातून बाहेर पडत आहोत. आमच्या आधीच्या पत्राचा अर्थ आम्ही स्वेच्छेने बुकिंग रद्द केले असा काढू नये. त्या पत्राचे कारणही आपली कसूरच होती. सोबतच्या तक्त्याप्रमाणे मुद्दल व व्याज पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावे. करारनाम्यातील कपातीचे कलम येथे लागू होत नाही. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत आम्ही कोणत्याही रद्दलेखावर सही करणार नाही व करारनाम्याखालील आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.’

यातला आधीच्या पत्राचा खुलासा फक्त ज्यांनी ती चूक केली आहे त्यांच्यासाठी. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने करारनाम्यातल्या पत्त्यावर आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, ईमेलही करा. पाकीट ‘पत्ता सोडला’ असा शेरा मारून परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा.

करारनामा झालेलाच नसेल, फक्त ॲलॉटमेंट लेटर असेल, तर कपातीचा प्रश्न जास्त चिघळतो. महारेराने २०२२ मध्ये ठरवलेल्या नमुना ॲलॉटमेंट लेटरमध्ये स्वेच्छेने रद्द केल्यास कपात १५ दिवसांच्या आत शून्य आणि ६० दिवसांनंतर जास्तीत जास्त दोन टक्के अशी आहे. म्हणजे तुम्ही स्वतःहून रद्द केलं असं गृहीत धरलं, तरी बिल्डर १० टक्के मागत असेल तर ते या नमुन्यात बसत नाही.

तडजोडीचा फोन

पत्रानंतर बहुतेकदा फोन येतो. ‘मुद्दल देतो, व्याज सोडा. सहा चेक देतो. आधी रद्दलेखावर सही करा.’ मुद्दलावर समाधान मानायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे आणि कधी कधी तो शहाणपणाचाही असतो, विशेषतः बिल्डरची इतर कामंही बंद पडत असतील तर. पण सहीचा क्रम मात्र बदलू देऊ नका. नोंदवलेला करारनामा हा त्या जागेवरचा तुमचा एकमेव धागा आहे. तो तोडून पुढच्या तारखांचे चेक हातात घेतले की तुम्ही फ्लॅटधारक राहत नाही, साधे येणेकरी होता.

तडजोड करायचीच असेल तर महारेराच्या सलोखा मंचात करा, किंवा तक्रार दाखल असताना लेखी अटी महारेरापुढे नोंदवून घ्या. चेक वटला नाही तर पूर्ण व्याजासह मूळ मागणी पुन्हा जिवंत होईल, ही अट त्यात घाला. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

महारेराकडे तक्रार

तक्रार संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन करायची, शुल्क ५ हजार रुपये. परतावा आणि व्याजाची तक्रार प्राधिकरणाकडे जाते. मनस्ताप, घरभाडं अशी नुकसानभरपाई हवी असेल तर ती न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळ्या अर्जाने मागायची. मी लोकांना आधी फक्त परतावा मागायला सांगतो. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की साधं प्रकरण लांबतं.

विनंतीच्या भागात हे मागा: मुद्दल, प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष परताव्यापर्यंत व्याज, सर्व प्रवर्तकांची एकत्रित आणि स्वतंत्र जबाबदारी, रक्कम मिळेपर्यंत तुमच्या फ्लॅटवर तिसऱ्याचा हक्क निर्माण न करण्याचा आदेश, आणि पैसे मिळाल्यावर रद्दलेख नोंदवून देण्याचा आदेश. शेवटची मागणी बहुतेक जण विसरतात आणि मग मुद्रांक शुल्क अडकतं.

बिल्डरने आदेशाविरुद्ध अपील केलं तर लगेच खचून जाऊ नका. कलम ४३(५) प्रमाणे ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासह अपिलीय न्यायाधिकरणात भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली आहे. म्हणजे अपील झालं तर निदान पैसे सुरक्षित जागी येऊन पडतात.

ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. रेरा आल्याने ती बंद झाली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० ला इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात सांगितलं. पण एकाच मागणीसाठी दोन्ही ठिकाणी जाता येत नाही.

आदेश हातात, पैसे नाहीत

खरी दमछाक इथे सुरू होते. आदेशातली मुदत संपली की महारेराकडे आदेश न पाळल्याचा अर्ज करायचा. मग महारेरा वसुली वॉरंट काढून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं, आणि तिथून तहसीलदार जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी तशी मालमत्ता जप्त करून लिलाव करू शकतात. कागदावर हे फार जोरदार दिसतं. पण तहसील कार्यालयात वॉरंटांचा ढीग असतो आणि बिल्डरची मालमत्ता शोधत बसायला कोणाला सवड नसते. ती तुम्हीच शोधून द्यायची. महारेराच्या पानावरची न विकलेल्या फ्लॅटची यादी, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बिल्डरच्या नावाने निघणारे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, असे तीन कागद वॉरंटच्या प्रतीला जोडून स्वतः नेऊन द्या आणि आवक क्रमांक घ्या. जप्त करायच्या मालमत्तेवर बँकेचं आधीचं तारण आहे का, तेही पाहा. असेल तर तिच्यातून तुमच्यापर्यंत फारसं काही पोचणार नाही आणि दुसरी मालमत्ता शोधावी लागेल.

याच काळात बिल्डरची कंपनी दिवाळखोरीत गेली तर वसुली जागच्या जागी थांबते. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेवर लक्ष ठेवा आणि फॉर्म सीए भरून आपला दावा मुदतीत दाखल करा. हातात महारेराचा आदेश असला तरी तुम्ही घरखरेदीदार म्हणूनच वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे कर्ज देणारे, राहता, तुमचा दर्जा खाली जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही अशा वेळी पूर्ण रक्कम मिळणं विरळा. म्हणून बिल्डर डळमळतोय असं दिसलं की पत्र, तक्रार आणि वॉरंट यांत महिने घालवू नयेत.

पैसे आल्यानंतरची दोन कामं

पैसे खात्यात जमा झाल्यावरच दुय्यम निबंधकाकडे रद्दलेख नोंदवा. मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी रद्दलेख करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदवलेला असावा लागतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. या जोडप्याच्या बाबतीत ही पाच वर्षं सप्टेंबर २०२७ मध्ये संपतात. सात टक्क्यांनी भरलेलं शुल्क ३ लाख ३६ हजार आहे, ते सोडून देण्याइतकं थोडं नाही. पाच वर्षं उलटून जाण्याचा धोका दिसत असेल तर महारेरापुढे लेखी अर्ज देऊन, शुल्काचा परतावा हुकला तर ती रक्कम बिल्डरकडून भरून मिळावी, अशी मागणी वेळीच नोंदवून ठेवा.

जीएसटीसाठी आधी बिल्डरकडेच मागणी करायची. त्याची क्रेडिट नोट देण्याची मुदत उलटून गेली असेल तर डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे, नोंदणी नसलेल्या ग्राहकालाही जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन तात्पुरती नोंदणी करता येते आणि स्वतः परतावा मागता येतो. त्याची दोन वर्षांची मुदत बिल्डरच्या रद्द केल्याच्या पत्राच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे रद्दलेखाच्या दिवशीच, तो समोर बसलेला असताना, त्याच्याकडून ते पत्र आणि जीएसटी सरकारकडे भरल्याचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्या.